आल्टक्लाउझुर हातात आल्यावर आधी काय बघावं

जर्मनीतला पहिला सेमिस्टर आहे म्हणतोस, तर फाखशाफ्टकडून, म्हणजे विभागाच्या विद्यार्थी मंडळाकडून, आल्टक्लाउझुर, म्हणजे आधीच्या परीक्षांचे जुने पेपर, आजच घे. लगेच सोडवायला मात्र बसू नकोस. आधी पहिलं पान नीट वाच. वेळ किती, एकूण गुण किती आणि सोबत काय नेता येतं, हे तिथे असतं. पुष्कळदा हाताने लिहिलेला एक ए-फोर कागद चालतो. पण यंदा चालेल का, हे प्राध्यापकांना विचारून घे. पेपर कोणी काढला होता तेही बघ. प्राध्यापक बदलले असतील तर जुन्या पेपरवर फार विसंबू नकोस.

आपल्याकडची पानं भरायची सवय इथे नडते. समज, ९० मिनिटांत ९० गुण आहेत, म्हणजे एका गुणाला एक मिनिट. प्रश्नात ‘नेनन झी’ असेल तर फक्त नावं सांगायची. चार गुणांना चार कारणं मागितली, तर चार ओळी लिहून चार मिनिटांत पुढे जायचं. मी पहिल्या पेपरात अशा प्रश्नाला दीड पान लिहिलं आणि शेवटचं गणित राहून गेलं. ‘बेग्र्युंडन झी’, म्हणजे कारण द्या, असं असेल तर उलट. नुसतं ‘हो’ किंवा ‘नाही’ लिहून भागत नाही, कारण द्यावंच लागतं.

उत्तरं प्राध्यापकांच्या स्क्रिप्टशी, म्हणजे त्यांच्या व्याख्यानांच्या नोट्सशी, ताडून बघ. चिन्हं आणि व्याख्या त्यातल्याच वापर. विद्यार्थ्यांनी लिहिलेल्या उत्तरांत चुका असू शकतात. सगळ्यात नवा पेपर शेवटच्या आठवड्यासाठी कोरा ठेव, घड्याळ लावून सोडव.