१६ चा एमसीबी हाताला चटका देतो आणि गिझर लावला की ९ अँपिअरलाच ट्रिप होतो, २५ चा टाकू का?

अजिबात नका टाकू. हेच ऐकून ऐकून मला संताप येतो.

नाशिकला माझ्या ताईकडे डिट्टो हीच केस होती, २ किलोवॅटचा गिझर, म्हणजे ९ च्या आतबाहेर अँपिअर, आणि पाणी तापायच्या आत ट्रिप. दाजींनी ३२ चा आणून ठेवलेला, "हा छोटा पडतोय" म्हणे. मी रोज पॅनेल वायरिंग करतो तरी माझं ऐकेनात. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! अहो, एमसीबीच्या आत बायमेटलची पट्टी असते, ती तापली की वाकते आणि ट्रिप करते. ती करंटने तापली काय नि बाजूच्या ढिल्या स्क्रूने तापवली काय, तिला सारखंच. सांध्यात नुसता ०.१ ओहम रेझिस्टन्स आला तरी ९ अँपिअरला ८ वॅट उष्णता होते, आणि चांगला १६ चा एमसीबी फुल लोडलासुद्धा साडेतीन वॅटच्या आत असतो. मोठा टाकला की ट्रिप थांबेल पण तापणं चालूच राहणार, पुढे बोर्ड जळेपर्यंत.

मेन बंद करून टेस्टर लावला आणि खोललं तर खालच्या टर्मिनलला वायरच्या निम्म्या तारा क्लॅम्पच्या बाहेर, वर क्लॅम्पखाली इन्सुलेशन चिमटलेलं. तांबं काळं पडलेलं, पीव्हीसी तपकिरी होऊन कडक, वाकवलं तर तडकत होतं. असली वायर नुसती आवळून उपयोग नसतो, चकचकीत तांबं लागेपर्यंत मागे कापायची, सगळ्या तारा पिळून फेरूल लावायचा आणि मग आवळायचं.

एवढं करूनही तासाभराने बॉडी गरमच होती, पण आता टर्मिनल कोमट आणि मधला भाग जास्त गरम. म्हणजे आतले कॉन्टॅक्ट गेलेले किंवा पट्टी रोज भाजून बिघडलेली. गिझर त्यांच्याकडे एमसीबीवरूनच चालू-बंद व्हायचा, लोडवर रोज तो स्पार्क बसला की कॉन्टॅक्ट झिजणारच. मग नवा १६ चाच सी कर्व्ह बसवला, आणि तो नीट चालतोय. दाजी अजून म्हणतात ३२ ने पण भागलं असतं. गिझरची वायर अडीच स्क्वेअरची आहे, ३२ च्या भरवशावर ती कशी सोडायची हे त्यांनी एकदा सांगावं.

बाकी थोडा कोमट एमसीबी नॉर्मल असतो, आणि दोन्ही बाजूंना एसीचे भरलेले एमसीबी चिकटून असतील किंवा बॉक्स उन्हात असेल तर चांगला पण लवकर ट्रिप होतो, रेटिंग ३० डिग्रीला धरलेलं असतं. आणि हो, मेन बंद केला तरी मेनच्या वरच्या टर्मिनलला सप्लाय असतोच, तिथे हात नको, ते वायरमनला करू द्या.