खांदा कुरकुरतोय? मग तिरकं ढकल

दांडिया बाजारच्या आपल्या जुन्या तालमीत मानेमागून बार दाबायची हौस सगळ्यांनाच आहे, पण तू ते बंद कर बाबा. त्यात दंड बाहेर फिरून मागे जातो आणि तुझा खांदा नेमका तिथेच दुखतो.

त्याऐवजी 20 किलोच्या बारचं एक टोक टॉवेलात गुंडाळून भिंतीच्या कोपऱ्यात टेकव. दुखऱ्या बाजूचा गुडघा जमिनीवर, दुसरं टोक त्याच हाताने खांद्यासमोर, कोपर बरगड्यांच्या थोडं पुढे. आता वर आणि पुढे, तिरकं ढकल. हात कानाजवळ जातच नाही, म्हणून बहुतेकांना हे सोसतं. शेवटी पाठीचं पातंही पुढे सरकू दे. बेंचवर ते दबून राहतं.

रिकाम्या बारने 8 ते 10 वेळा, तीन सेट. दुखणं दहापैकी तीनच्या वर गेलं, किंवा दुसऱ्या सकाळी वाढलेलं वाटलं, तर हात पूर्ण सरळ होण्याआधीच थांब. प्लेट नंतर. हे दोन-तीन आठवडे निभलं की डंबेल घे, तळवे समोरासमोर, बाक थोडा मागे कललेला.

रात्री त्या कुशीवर झोपवत नसेल किंवा हात उचलतच नसेल, तर आधी हाडांच्या डॉक्टरांकडे जा.