साडीच्या काठाच्या छपाईत जोड दिसेल का?

प्रश्न: आमच्या बचत गटाला काठाचं डिझाइन आलंय. जोड दिसेल का, हे छापण्याआधी कसं ओळखायचं? (दारव्हा, जि. यवतमाळ)

उत्तर: डिझाइनच्या तीन प्रती ओळीने चिकटवा अन् आठ-दहा फुटांवरून पाहा, ठरावीक अंतरावर वेल तुटली किंवा रिकामी फट दिसली, तर साडीवरही दिसणारच. मी छपाईतच काम करतो. रोटरी स्क्रीनचा, म्हणजे कापडावर फिरत नक्षी छापणाऱ्या जाळीदार नळीचा घेर बहुधा ६४ सेंमी असतो. १६ सेंमीची कोयरी त्यात बरोबर चारदा बसते. १५ ची घेतली तर ४ सेंमी उरतात अन् तिथेच नक्षी कापली जाते. म्हणून कोयरी थोडी मोठी करून घ्या. रंग मोजताना गडद-फिका वेगळा धरा, कारण प्रत्येकाला स्वतंत्र स्क्रीन लागते. डिजिटल छपाईत मात्र घेराचं अन् रंगांचं हे बंधन नाही, पण प्रतींची तपासणी तिथेही कराच.