तो फोटो माझा नाही, मग ‘काढा’ कसं म्हणू?

“मॅडम, एका साइटवर माझा चेहरा दुसऱ्याच बाईच्या अंगाला लावलेला फोटो आहे. काढून टाका म्हणून लिहायला बसते आणि अडकते. ‘हा माझा फोटो आहे’ लिहिलं तर तो माझाच ठरतो. ‘माझा नाही’ लिहिलं तर ते म्हणतील, मग तुम्ही कोण विचारणाऱ्या? काय लिहू?”

हा पेच माझ्यासमोर इतक्या जणींनी, आणि काही पुरुषांनीही, मांडला आहे की आता त्यावर लिहायलाच हवं. त्यातल्या एकीची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

ती तक्रारीचा मसुदा घेऊनच आली होती. चांगला दोन-अडीच पानांचा. मी अशी मुलगी नाही, माझ्या खांद्यावर असा तीळ नाही, मी असे कपडे कधी घातले नाहीत, माझ्या ऑफिसात कुणालाही विचारा. फोटोची लिंक शेवटच्या ओळीत, तीही अर्धवट.

“हे पत्र कोण वाचणार?” मी विचारलं.

“साइटवाले.”

“ते तुला ओळखतात?”

“नाही.”

“मग तू कशी मुलगी आहेस हे त्यांना पटवून काय मिळणार?”

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “पण कुणाला तरी पटायला हवं ना!”

अडचण इथे होती. फोटो निघावा, ही तिची इच्छा होती आणि ती रास्त होती. पण त्याच पत्रातून जगाने तिला निर्दोष ठरवावं, असा हट्टही ती धरून बसली होती. इच्छा पुरी करता येते. हट्ट मात्र समोरच्याच्या हाती असतो. म्हणून एकेक वाक्य लिहिताना ती आरोपीच्या पिंजऱ्यात उभी राहत होती आणि पत्र पुरं होत नव्हतं.

मी तिच्या हातात पेन्सिल दिली आणि सांगितलं, स्वतःची बाजू मांडणारं प्रत्येक वाक्य खोड. पहिलं पान जवळपास सगळं गेलं. उरलेल्यांत एक वाक्य होतं, ‘मी याला परवानगी दिलेली नाही’. तिथे ती थांबली.

“म्हणजे फोटो खरा की खोटा, हे सांगायचंच नाही?”

“जोडलेला आहे एवढं एकदा सांग, कारण साइटचा त्यासाठी वेगळा नियम असू शकतो. ते सिद्ध करत बसू नकोस. आता मला सांग, फोटो खरा असता आणि कुणी तुला न विचारता तिथे टाकला असता, तर काढा म्हणण्याचा हक्क तुला नसता का?”

“खरा असता तर मला बोलायला तोंडच राहिलं नसतं.”

हे वाक्य तिने उच्चारलं आणि तिचं तिलाच ऐकू आलं. लोक आपल्याला ज्या मापाने मोजतील अशी तिला भीती होती, ते माप तिने स्वतःच हातात धरलं होतं. खरा फोटो असलेली बाई दोषी, म्हणून माझा खोटा आहे हे सिद्ध झालंच पाहिजे. तिच्या अडीच पानांचं सगळं ओझं या एका समजुतीवर उभं होतं. या कामात इतकी वर्षं घालवल्यावर मी एवढं नक्की सांगेन, माणूस घटनेने मोडतो त्याहून जास्त त्या घटनेला त्याने जोडलेल्या निकालाने मोडतो. निकाल ढिला झाला की हात लिहू लागतो. तिचाही लागला.

तिचा मूळ पेचही मग आपोआप सुटला. फोटो माझा की नाही, याचं उत्तर द्यायची गरजच नाही. चेहरा माझा आहे, चित्र बनवलेलं आहे, संमती दिलेली नाही, ही तिन्ही विधानं एकाच वेळी खरी आहेत. पत्र असं झालं:

“खालील पानावरच्या चित्रात माझा चेहरा वापरला आहे. तो माझ्या पुढील मूळ फोटोतून घेऊन दुसऱ्या शरीरावर जोडला आहे. हे चित्र बनवायला किंवा प्रसिद्ध करायला मी संमती दिलेली नाही. संमतीविना टाकलेल्या लैंगिक चित्रांबाबतच्या तुमच्या नियमानुसार हे पान, चित्राची मूळ फाइल आणि तिच्या छोट्या प्रती काढून टाकाव्यात व तसं मला लेखी कळवावं.” खाली लिंक, तारीख, नाव.

ज्या साइटचा असा नियमच नसेल तिथे ते शब्द गाळायचे, बाकीचं पत्र तसंच राहतं. पाठवताना आम्ही ते साइटच्या भाषेत, इंग्रजीत केलं.

पत्र जाण्याआधी पुरावा जपायचा, कारण पान निघालं की तोही जातो. पानाचा पूर्ण पत्ता, चित्र वेगळ्या टॅबमध्ये उघडल्यावर दिसणारा त्याचा स्वतंत्र पत्ता, टाकणाऱ्याचं तिथलं नाव, आणि तारीख-वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट. हे काम तिच्या बहिणीने केलं. पुन्हापुन्हा तो फोटो बघणं ही शूरपणाची परीक्षा नव्हे. (चित्रातली व्यक्ती 18 वर्षांखालची असेल तर मात्र चित्र साठवू नका आणि कुणाला पाठवूही नका. फक्त लिंक नोंदवा आणि पोलिसांकडे जा.)

तिने स्वतःचा मूळ फोटो शोधून काढला तेव्हा मानेचा कल तोच होता, कानातलंही तेच होतं. चेहरा तिचा हे दाखवायला तेवढं पुरेसं होतं. जोडलेलं चित्र पत्राला लावायची गरज नसते, लिंक पुरते. तक्रारीसाठी नवा ईमेल उघडावा आणि घरचा पत्ता, फोन देऊ नये. ओळखपत्र मागितलंच तर नाव आणि फोटो सोडून बाकीचं झाकून द्यावं.

एक मोह टाळायला सांगते. सेल्फी स्वतः काढलेला असेल तर कॉपीराइटची नोटीस देता येते आणि ती पुष्कळदा लवकर लागू पडते. पण त्या नोटिशीतलं नाव-पत्ता चित्र टाकणाऱ्यापर्यंत पोचू शकतो. म्हणून आधी संमतीचा मुद्दा, तो चालला नाही तरच हे.

साइटकडून उत्तर आलं नाही. अशा वेळी पत्रं लांब होत जातात, रागही वाढतो. आम्ही एक शब्दही वाढवला नाही. साइटच्या नावावरून तिचा आयपी पत्ता काढला, तो कुणाच्या नावावर आहे हे सांगणाऱ्या `whois` शोधात टाकला, साइटला जागा देणारी होस्टिंग कंपनी कोणती ते पाहिलं, आणि तेच पत्र त्या कंपनीच्या गैरवापर तक्रारीच्या पत्त्यावर पाठवलं. कधीकधी तिथे साइट आणि वाचक यांच्या मध्ये उभ्या असलेल्या, साइटचा खरा पत्ता झाकणाऱ्या कंपनीचं नाव दिसतं, मग तिच्याच फॉर्मवर तक्रार करायची. ती पुढे धाडते. त्या फॉर्मवर आपलं नाव पुढे कळवायचं की नाही, असा पर्याय असेल तर तो नीट वाचावा.

पान गेलं. तिने फोन करून सांगितलं, पण बहिणीने टिपून ठेवलेला दुसरा पत्ता उघडला तर चित्र तिथे होतंच. पान काढलं होतं, फाइल राहिली होती. हे फार वेळा होतं. शोधयंत्रात दिसणारी छोटी प्रतही वेगळी तक्रार केल्याशिवाय लगेच जात नाही. Google कडे त्यासाठी फॉर्म आहे, त्यात अशा बनावट चित्रांचीही तक्रार करता येते. StopNCII.org ही प्रौढांसाठीची सोयही तिला दाखवली. तिथे चित्र आपल्या फोनबाहेर जात नाही, त्याचा फक्त आकड्यांतला ठसा सहभागी कंपन्यांना मिळतो आणि त्यावरून त्या आपल्याकडचं ते चित्र ओळखून काढू शकतात. ज्या साइट त्यात सहभागी नाहीत तिथे मात्र तिचा उपयोग नाही, आणि चित्रात फेरफार झाला तर ठसा जुळेलच असंही नाही.

फाइलसाठीचं दुसरं पत्र तिने मला न विचारता लिहिलं. दोन ओळींचं. “पान काढल्याबद्दल आभार. चित्राची फाइल खालील पत्त्यावर अजून उघडते, ती काढून कळवावं.” फाइल निघाली. ते चित्र कुणी बनवलं हे अजून कळलेलं नाही, पोलीस तक्रार चालू आहे. परवा ऑफिसात एकाने विचारलं, तो फोटो तुझा होता का. ती म्हणाली, “माझा चेहरा चोरून लावला होता. तक्रार केली, निघाला. तुला तो कुठे दिसला, ती लिंक दे.”