रुजू होण्याच्या दिवसाचा ईमेल : तुमच्या मसुद्याबद्दल थोडेसे

स. न. वि. वि.

सोमवारी रुजू होणाऱ्या डिप्लोमा झालेल्या मुलासाठी तुम्ही तयार केलेला ईमेलचा मसुदा वाचला. ‘सकाळी एमआयडीसीतील कार्यालयात सर्व आवश्यक कागदपत्रांसह उपस्थित राहावे’ हे वाक्य व्याकरणाने निर्दोष आहे, पण जालन्याहून पहिल्यांदा येणाऱ्या मुलाला त्याचा उपयोग नाही. छत्रपती संभाजीनगरात एमआयडीसी म्हटले की चिकलठाणा, शेंद्रा आणि वाळूज अशी तीन नावे निघतात. त्यांतली शेंद्रा जालना रस्त्यावरच असल्यामुळे तो तिथेच उतरून जाईल, आणि वाळूज मात्र शहराच्या पार पलीकडे, पुण्याच्या रस्त्याला आहे. म्हणून ‘वाळूज’ हा शब्द, सेक्टर, प्लॉट क्रमांक, गेट क्रमांक आणि नकाशाची लिंक पहिल्याच परिच्छेदात द्या. मध्यवर्ती बसस्थानकावर उतरून पुढे कसे यायचे, हेही एका ओळीत लिहा.

वेळ साडेआठची देऊ नका. जनरल शिफ्ट साडेआठला सुरू होते, त्या वेळी गेटवर गर्दी असते आणि सुरक्षारक्षकाला नव्या माणसाची नोंद करायला उसंत नसते. सव्वानऊ लिहा. त्याचे नाव आदल्या शनिवारीच गेटवरच्या नोंदवहीत जाईल, हे मात्र तुम्हीच पाहायचे आहे. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत एका ठिकाणी मी एका मुलाला बोलावले आणि नेमका त्या दिवशी रजेवर गेलो. ईमेलमध्ये फक्त माझेच नाव होते, त्यामुळे तो साडेअकरापर्यंत गेटच्या केबिनमध्ये बसून राहिला. तेव्हापासून मी भेटायच्या माणसाच्या नावाखाली दुसरे नाव आणि दोघांचेही मोबाइल क्रमांक लिहितो.

कागदपत्रांच्या यादीवर मात्र वेळ घालवा, कारण पहिला पगार अडतो तो इथेच. पीएफचा यूएएन आधारवरच्या नावाने तयार होतो, आणि आपल्याकडे मार्कशीटवर एक व आधारवर दुसरे असे नाव सर्रास आढळते. कुठे वडिलांच्या नावात एक अक्षर जास्त असते, कुठे लग्नानंतरचे आडनाव फक्त आधारवर आलेले असते. म्हणून आधार, पॅन आणि दहावीच्या मार्कशीटचे फोटो गुरुवारपर्यंत मागवा आणि तिन्हींवरचे नाव व जन्मतारीख शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून पाहा. त्याने आधी कुठे नोकरी केली असेल, तर जुना बारा अंकी यूएएन आवर्जून विचारा. नाहीतर दुसरा तयार होतो आणि पुढे दोन्हीकडचे पैसे एकत्र करताना त्याचीच दमछाक होते.

‘रद्द केलेला धनादेश’ तुम्ही सक्तीचा केला आहे. खेड्यातून आलेल्या अनेक मुलांकडे चेकबुकच नसते, तेव्हा ‘किंवा पासबुकाचे पहिले पान’ असे जोडा. पासबुक जुने असेल तर आयएफएससी तपासा. मराठवाड्यात शिष्यवृत्तीसाठी हैदराबाद बँकेत उघडलेली खाती पुष्कळ आहेत. ती बँक १ एप्रिल २०१७ रोजी स्टेट बँकेत विलीन झाली, तरी घरातल्या पासबुकावर SBHY ने सुरू होणारा जुना कोड छापलेला असतो. आता तो SBIN ने सुरू होणारा हवा.

मूळ कागदपत्रे पाहून त्याच वेळी परत दिली जातील, हे वाक्यही असू द्या. ती जमा करून घेतात अशी अनेक पालकांना धास्ती असते. आधीच्या कंपनीचे रिलीव्हिंग लेटर अजून आले नसेल, तर राजीनामा स्वीकारल्याचा ईमेल चालेल आणि मूळ पत्र कोणत्या तारखेपर्यंत द्यायचे, हेही नमूद करा.

दिवसाचा क्रम यादीपेक्षा सलग लिहिलेला बरा वाटतो. मी असा लिहिला असता :

‘सव्वानऊला गेटवर पास घेऊन आपण मनुष्यबळ विभागात यावे. अकरापर्यंत फॉर्म भरून होतील; त्यानंतर सुरक्षा प्रशिक्षण आहे. एक वाजता कॅन्टीनमध्ये जेवणाची सोय आहे, डबा आणण्याची गरज नाही. दोन वाजता आपल्या विभागप्रमुखांची भेट होईल आणि त्या दिवशी आपले काम पाच वाजता संपेल.’

सुटण्याची वेळ लिहायला विसरू नका, कारण त्याला परतीची बस पाहायची असते. आणि बुटाचे माप आताच विचारून घ्या. सेफ्टी शूज नसतील तर प्रशिक्षणानंतर त्याला शॉपमध्ये सोडता येत नाही, आणि आपल्या स्टोअरमध्ये आठ नंबरचे जोड सध्या संपलेले आहेत.

ईमेल बुधवारी दुपारपर्यंत पाठवा. गुरुवारी संध्याकाळपर्यंत उत्तर आले नाही, तर फोन करा. पत्ता चुकून ईमेल भलतीकडे गेलेला असू शकतो.

आपला,
मनुष्यबळ विभागातील तुमचा ज्येष्ठ सहकारी