आधी छप्पन्न मोजा, मग पैसे भरा

"आईबाबांसाठी एखाद्या म्युझिक अ‍ॅपचं वर्षाचं सबस्क्रिप्शन घ्यायचंय. त्यांना जुनी मराठी सिनेमातली गाणी, नाट्यसंगीत, अभंग आणि थोडी लोकगीतं लागतात. कुठल्या अ‍ॅपवर हे खरंच जास्त आहे ते पैसे भरण्याआधी कसं कळेल?"

मी दोन वर्षांपूर्वी न बघता वर्षाचे पैसे भरून मोकळा झालो होतो. बाबांनी पहिल्याच संध्याकाळी एक जुनं नाट्यपद लावायला सांगितलं. पडद्यावर पदाचं नाव बरोबर, खाली जुन्या गायकाचा फोटोसुद्धा, आणि वाजलं काय, तर कुणीतरी हल्ली कीबोर्डवर म्हटलेलं. बाबा दोन ओळी ऐकून म्हणाले, "राहू दे, रेडिओ लाव." तेव्हापासून कुठलंही अ‍ॅप घेण्याआधी मी त्याची फुकट आवृत्ती लॅपटॉपवर उघडून अर्धा तास झडती घेतो.

अ‍ॅपकडे स्वतःची गाणी नसतात. ती रेकॉर्ड कंपन्यांची असतात आणि करार असेल तोपर्यंत अ‍ॅपवर वाजतात. आईबाबांच्या यादीतला बराच मोठा भाग मूळचा एचएमव्हीचा, म्हणजे आताच्या सारेगामाचा असणार. स्पॉटिफाय 2019 मध्ये भारतात आलं तेव्हा सारेगामाशी करार नव्हता, प्रकरण कोर्टात गेलं आणि 2020 मध्ये करार होईपर्यंत तिथे ही जुनी गाणी नव्हती. त्यामुळे "अमक्या अ‍ॅपवर सगळं आहे" हे कुणी गेल्या वर्षी सांगितलं असेल तर ते गेल्या वर्षापुरतंच धरा. आज स्वतः बघायचं.

माझी पहिली परीक्षा गीतरामायणाची. गदिमा आणि बाबूजींची ही मालिका पुणे आकाशवाणीवरून 1955-56 मध्ये आठवड्याला एक गाणं अशी झाली, आणि गाणी बरोबर 56 आहेत. हा आकडा पक्का असल्यामुळे अ‍ॅपला पळवाट राहत नाही. शोधताना एकाच स्पेलिंगवर थांबू नका, कारण कंपन्यांनी जसं सुचलं तसं टाइप केलंय. मी हे सगळे टाकून बघतो:

```
गीतरामायण
Geet Ramayan
Geetramayan
Sudhir Phadke
Sudheer Phadke
```

समोर पाच-सहा अल्बम येतील. त्यांतले काही दहा-बारा निवडक गाण्यांचे, काही कार्यक्रमातल्या ध्वनिमुद्रणाचे, काही दुसऱ्याच गायकांचे. बाबूजींच्या आवाजातले भाग वेगळे काढायचे आणि "स्वये श्री रामप्रभू ऐकती" पासून "गा बाळांनो, श्रीरामायण" पर्यंत एका प्लेलिस्टमध्ये ओळीने लावायचे. मी एका अ‍ॅपवर हे केलं तेव्हा यादीत 56 दिसली, पण सात गाणी फिकट होती, म्हणजे नाव आहे पण वाजत नाही. म्हणून प्रत्येक गाणं दोन सेकंद का होईना, वाजवून बघा. कंटाळवाणं आहे, पण अल्बमच्या नावावर विसंबलात तर फसाल. मात्र रेडिओवर ही गाणी माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे अशा वेगवेगळ्या गायकांनीही म्हटली होती. आईबाबांना तीच हवी असतील तर तो शोध वेगळा, कारण ते ध्वनिमुद्रण आकाशवाणीचं.

गाणं मूळ आहे की नंतरचं, हे ओळखायला अल्बमच्या अगदी तळाशी जा. तिथे वर्तुळातल्या P पुढे वर्ष आणि कंपनीचं नाव असतं. जुन्या गायकाचं नाव, पण तिथे कधी न ऐकलेली कंपनी आणि अलीकडचं वर्ष दिसलं तर सावध व्हा. आपल्या कायद्यात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर 60 वर्षं राहतो (शब्द आणि चालीचा हक्क वेगळा). मुदत संपली की तीच तबकडी कुणीही पुन्हा चढवू शकतो. म्हणून एकच पद आठ वेळा दिसतं, सात ठिकाणी खरखर आणि एका ठिकाणी बरं. शोधात आलेल्या निकालांची संख्या म्हणजे साठा नव्हे, हे त्यामुळेच. दुसरी खूण वेळेची. 78 आरपीएमच्या तबकडीची एक बाजू साधारण साडेतीन मिनिटांत संपायची. त्या काळातलं म्हणून दाखवलेलं पद सात मिनिटांचं असेल तर एकतर दोन बाजू जोडल्यात किंवा ते दुसरंच ध्वनिमुद्रण आहे.

सिनेमांसाठी मी "आनंदघन" शोधतो. या नावाने लता मंगेशकरांनी 'मोहित्यांची मंजुळा' (1963), 'मराठा तितुका मेळवावा' (1964), 'साधी माणसं' (1965) अशा मोजक्या चित्रपटांना संगीत दिलं. संगीतकाराच्या नावावर क्लिक केल्यावर ही गाणी एकत्र आली तर त्या अ‍ॅपने जुन्या मराठीची नोंद नीट ठेवलीय असं समजा. काहीच आलं नाही तर गाणी नाहीतच असं नाही. ती लताबाईंच्या हजारो हिंदी गाण्यांत कुठेतरी बुडालेली असतात, आणि आईला ती सापडणार नाहीत. माझ्या मते सापडत नाही ते गाणं आईच्या दृष्टीने नसल्यासारखंच.

अभंगांत प्रश्न साठ्याचा कमी आणि पूर्णतेचा जास्त. ज्ञानेश्वर माउलींचा हरिपाठ म्हणून पाच मिनिटांचा तुकडा कुठेही मिळतो. बाबांना सगळे 27 अभंग ओळीने लागतात, मध्ये थांबा नको. आणि हे तपासताना फुकट आवृत्तीत विठ्ठल विठ्ठल चालू असताना साबणाची जाहिरात वाजली, तेव्हा पैसे भरण्याचं पहिलं खरं कारण कळलं.

लोकगीतांचं चित्र मात्र अगदी निराळं आहे. कोळीगीतं, भारुडं, भीमगीतं, जागरण-गोंधळ यांतलं कितीतरी कॅसेटवर छोट्या कंपन्यांनी काढलं. त्यांतल्या काही बंद पडल्या, काहींनी अ‍ॅपवाल्यांशी करार केलेच नाहीत. ती कॅसेट कुणीतरी घरी बदलून यूट्यूबवर चढवलेली असते. यूट्यूब म्युझिकच्या शोधात असे व्हिडिओही येतात, म्हणून लोकगीतांचं पारडं जड असेल तर मी तिकडे झुकेन. मात्र चढवणाऱ्याने काढलं की गेलं, त्याला इलाज नाही.

आता तुमच्यासाठी सांगतो. आईबाबांना न विचारता यादी करू नका. त्यांच्याकडून वीस गाणी लिहून घ्या, गायकाच्या नावासकट, आणि प्रत्येक अ‍ॅपवर तीन खुणा करा: मूळ आवाजात आहे, फक्त नवी आवृत्ती आहे, नाही. माझ्या वीसपैकी एका अ‍ॅपवर 17 मूळ निघाली, दुसऱ्यावर 16, तिसऱ्यावर 11. सतरावाल्याचा शोध देवनागरीत धड चालत नव्हता, म्हणून मी सोळावालं घेतलं, तेही महिन्याच्या हिशेबाने. आई बोलून शोधते, आणि बोललेलं देवनागरीत उमटतं.

डाउनलोड केलेली गाणीही सबस्क्रिप्शन संपलं की वाजत नाहीत, तेव्हा गावी नेट नसतं म्हणून घेत असाल तर हप्ता चुकवू नका. राहिलेल्या चार गाण्यांपैकी दोन मला मामाच्या कपाटातल्या कॅसेटवर सापडली.