शंभर वजा वय: बावन्नाव्या वर्षी शेअर्समध्ये नेमकं किती?

«वय ५२. चाकणला ऑटो कंपनीत नोकरी, ५८ ला निवृत्ती. पत्नी ४९, जिल्हा परिषद शाळेत २००२ पासून शिक्षिका. ईपीएफ ४० लाख, पीपीएफ १२ लाख, एफडी १४ लाख, शेअर्सचे म्युच्युअल फंड १६ लाख. कर्ज नाही. घरखर्च महिना ६० हजार, शिल्लक साधारण ३० हजार पडते. मुलगी पुढच्या वर्षी इंजिनिअरिंगला जाईल, चार वर्षांचे मिळून १० लाख धरलेत. शंभरातून वय वजा केलं तर माझे ४८ टक्के शेअर्समध्ये हवेत. मग एफडी मोडून फंडात टाकू का?»

एफडी मोडू नका. का ते सविस्तर सांगतो, कारण या नियमापायी चांगली कमावती माणसंही नको त्या वेळी नको ती उलाढाल करतात.

आधी तुमचेच आकडे त्या नियमात घालून बघू. तुमचे सगळे मिळून ८२ लाख होतात. त्याचे ४८ टक्के म्हणजे साधारण ३९ लाख. आज फंडात १६ लाख आहेत, म्हणजे नियम म्हणतो अजून २३ लाखांचे शेअर्स घ्या. पण बरेच जण ईपीएफ आणि पीपीएफ हिशेबात धरतच नाहीत, कारण तो पैसा मनाला येईल तेव्हा हलवता येत नाही. तसं केलं तर हाताशी ३० लाख उरतात आणि त्याचे ४८ टक्के होतात १४ लाख ४० हजार. मग तोच नियम सांगतो की तुमच्याकडे शेअर्स जास्त झालेत, दीड लाखाचे विका. माणूस तोच, दिवस तोच, आणि एक उत्तर २३ लाखांची खरेदी तर दुसरं दीड लाखाची विक्री. टक्के कशाचे काढायचे हेच हा नियम सांगत नाही.

बरं, वयावर चालणारे नियम एकमेकांशी तरी जुळतात का? एनपीएस या पेन्शन योजनेत वयानुसार शेअर्सचा हिस्सा आपोआप बदलणारा ऑटो चॉइस असतो, त्याचा मध्यम पर्याय घेतला तर ३५ व्या वर्षापर्यंत ५० टक्के शेअर्स असतात, मग दरवर्षी दोन टक्के कमी होत ५५ ला १० टक्क्यांवर येतात. तुमच्या वयाला तिथे १६ टक्के बसतात. शंभरचा नियम ४८ म्हणतो, आणि हल्ली आयुष्य वाढलं म्हणून १२० वजा वय सांगतात त्यांच्या हिशेबाने ६८. १६, ४८ आणि ६८ ही तिन्ही उत्तरं एकाच वयातून निघत असतील, तर वयाच्या जोरावर त्यातलं एक निवडायला काहीच आधार उरत नाही.

नियमामागचा विचार अगदीच चुकीचा नाही, हेही सांगायला हवं. तरुण माणसापुढे पगाराची तीस वर्षं असतात, बाजार पडला तरी तो पगारावर जगतो आणि स्वस्तात खरेदीही करतो. वय वाढतं तशी ही उरलेली कमाई घटते, म्हणून शेअर्स घटवायचे. पण मग मोजायला हवी ती उरलेली कमाई, आणि तिच्यापुढे उभा असलेला खर्च. वय हा त्याचा फार ढोबळ अंदाज आहे, आणि तुमच्या घरात तर तो साफ फसतो.

कारण तुमच्या घरातली सगळ्यात मोठी ठेव तुम्ही यादीत लिहिलेलीच नाही. पत्नी १ नोव्हेंबर २००५ च्या आधी लागल्यात, म्हणजे त्यांना जुनी पेन्शन असायला हवी. तरी एकदा पगारपत्रक बघा. त्यात जीपीएफची कपात असेल तर जुनी पेन्शन लागू आहे, डीसीपीएस किंवा एनपीएस या नव्या पेन्शन योजनांची असेल तर नाही. मध्ये सेवेत खंड पडला असेल किंवा सुरुवातीची वर्षं शिक्षणसेवक म्हणून गेली असतील, तर गटशिक्षण कार्यालयातून लेखी खात्री करून घ्या. पुढचं सगळं गणित या एका ओळीवर उभं आहे.

जुन्या पेन्शनमध्ये शेवटच्या मूळ वेतनाच्या निम्मी रक्कम मिळते आणि तिच्यावर महागाई वाढ मिळत राहते. हा दुसरा भाग फार मोलाचा आहे, बाजारात असं उत्पन्न विकत मिळत नाही. सावधपणे ती पेन्शन आजच्या भावात महिना ४० हजार धरू. तुम्हाला ईपीएफसोबतच्या ईपीएस योजनेची पेन्शन मिळेल, पण ती महागाईबरोबर वाढत नाही, म्हणून मी ती हिशेबात धरत नाही.

आता वयाऐवजी मी जे वापरतो ते असं. पहिल्यांदा येत्या काही वर्षांत ठरलेला खर्च वेगळा काढायचा. तुमचे शिक्षणाचे १० लाख आणि सहा महिन्यांच्या घरखर्चाचे ४ लाख, मिळून १४. तेवढीच तुमची एफडी आहे. ती जागच्या जागी राहू द्या. पहिली फी वर्षभरात भरायची आहे, तो पैसा बाजाराच्या लहरीवर टाकण्यात काही अर्थ नाही. उरले ६८ लाख.

मग विचारायचं, पगार थांबल्यावर गुंतवणुकीतून दरमहा किती काढावे लागतील आणि कधीपासून? तुमचा पगार सहा वर्षांनी थांबतो, पण तेव्हा पत्नी ५५ च्या असतील आणि त्यांचा पगार आणखी तीन वर्षं चालू राहील. घर त्यावर चालतं. म्हणजे खरी तूट नऊ वर्षांनी सुरू होते: खर्च ६० हजार, पेन्शन ४० हजार, तूट महिना २० हजार, वर्षाला २ लाख ४० हजार. हे सगळं आजच्या भावात.

ही तूट सात वर्षं भागेल एवढी रक्कम सुरक्षित ठेवायची, आणि त्यापुढचं शेअर्समध्ये असलं तरी चालतं. सातच का? जानेवारी २००८ मध्ये सेन्सेक्स २१ हजारांवर होता, मार्च २००९ मध्ये ८ हजारांच्या आसपास आला. २०१० च्या शेवटी पुन्हा २१ हजारांना शिवला, घसरला, आणि त्या पातळीच्या वर टिकायला २०१३ संपत आलं. आपल्या अनुभवातली ही जवळपास सहा वर्षं, त्यावर एक वर्ष जास्तीचं. ही हमी नव्हे. जपानचा निक्केई १९८९ च्या शिखरावर परत पोचला २०२४ मध्ये. म्हणूनच ज्यांच्याकडे पेन्शन नाही त्यांना मी सातऐवजी दहा वर्षं धरायला सांगतो.

तुमच्या बाबतीत २ लाख ४० हजारांची सात वर्षं म्हणजे जवळपास १७ लाख. पण इथे थांबायचं नाही, कारण ही पेन्शन पत्नीच्या आयुष्याशी बांधलेली आहे. बोलायला जड जातं, पण हिशेबात घ्यावंच लागतं. त्या तुमच्या आधी गेल्या तर तुम्हाला कुटुंब निवृत्तिवेतन मिळेल. सुरुवातीचा वाढीव काळ संपल्यावर ते मूळ वेतनाच्या ३० टक्के असतं, म्हणजे ४० हजारांचे २४ हजार होतात. खर्च तोच धरला तर तूट महिना ३६ हजार, वर्षाला ४ लाख ३२ हजार, आणि सात वर्षांचे ३० लाख. मी हाच आकडा धरेन. ६८ लाखांतून ३० वजा करा, ३८ लाख शेअर्समध्ये असू शकतात. साधारण ५५ टक्के.

आता तुमच्याच बाकावरचा, तुमच्याच वयाचा, एवढाच पैसा असलेला सहकारी घ्या, ज्याच्या घरात पेन्शन नाही आणि दुसरा पगारही नाही. त्याची तूट सहा वर्षांनी पूर्ण ६० हजारांची असेल. सात वर्षांचे ५० लाख सुरक्षित हवेत, शेअर्ससाठी उरतात १८ लाखांच्या आत, म्हणजे २६ टक्के. दहा वर्षं धरली तर ७२ लाख लागतात आणि आज त्याच्याकडे शेअर्ससाठी काहीच उरत नाही. त्याला नोकरी जास्त वर्षं करावी लागेल किंवा खर्च उतरवावा लागेल. शंभरचा नियम तुम्हा दोघांना ४८ च सांगतो. तुमच्यासाठी तो जरा कमी आहे, त्याच्यासाठी धोक्याचा.

५५ टक्के चालतात म्हणजे ५५ टक्के करायलाच हवेत असं मात्र नाही. २००८ सारखी पडझड झाली तर ३८ लाखांचे १५ लाख दिसतील. ते बघून तुम्ही काय कराल याचं उत्तर अंदाजाने देऊ नका. तुमच्या फंडांचं एकत्रित स्टेटमेंट काढा आणि २०२० चा मार्च ते जून बघा. २३ मार्च २०२० ला सेन्सेक्स एका दिवसात १३ टक्के पडला होता. त्या महिन्यांत एसआयपी चालू होती, बंद केली होती, की युनिट्स विकली होती, ते तिथे लिहिलेलं आहे. विकली असतील तर ३५ टक्क्यांच्या वर जाऊ नका, गणित काहीही म्हणो.

तिथे सगळं नीट असेल तर काय करायचं? आज १६ लाख आहेत, ३८ पर्यंत जागा आहे, फरक २२ लाखांचा. एफडी मोडायची नाही आणि ईपीएफलाही हात लावायचा नाही, त्यावर २०२४-२५ ला ८.२५ टक्के व्याज मिळालंय आणि तुमचा सुरक्षित भाग तोच आहे. तुमची महिन्याची ३० हजारांची शिल्लक आहे ना, ती सगळी निर्देशांकाच्या फंडात एसआयपीने लावा. सहा वर्षांत २१ लाख ६० हजार होतात. काही विकावं लागत नाही, कर लागत नाही, आणि मध्ये बाजार पडला तर तुमची खरेदी स्वस्तात होते.

तुमचा उद्योग मंदीत लवकर सापडतो, म्हणून ५४-५५ ला नोकरी गेली तर काय हेही तपासलं. पत्नीच्या पगारावर घर चालेल, फक्त एसआयपी थांबेल. तेव्हाही फंड विकायची गरज पडत नाही. मात्र कंपनीचे शेअर्स मिळाले असतील तर ते ठेवू नका. पगार आणि बचत दोन्ही एकाच कंपनीवर टांगलेली नकोत.

पुढे एक तारीख लक्षात ठेवा. ५८ ला निवृत्त झाल्यावर ईपीएफ तसाच ठेवला तर तीन वर्षांनी खातं निष्क्रिय होतं आणि व्याज थांबतं, शिवाय नोकरी सुटल्यानंतरच्या व्याजावर कर आहे. म्हणजे ६१ च्या आत तो काढायचा. ६० पूर्ण झाल्यावर ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत माणशी ३० लाखांपर्यंत ठेवता येतात आणि व्याज दर तिमाहीला हातात येतं. तूट भरायची सोय तिथेच होते.

आणि हे गणित दरवर्षी एप्रिलमध्ये पुन्हा मांडा. वाढदिवसाने त्यात काही बदलत नाही. घरखर्च वाढला, मुलीचं शिक्षण लांबलं, पत्नीने स्वेच्छानिवृत्ती घ्यायचं ठरवलं, तर मात्र तुटीचा आकडा बदलतो, आणि त्याच्या सातपटीबरोबर तुमचा शेअर्सचा हिस्साही. पगारपत्रकात जीपीएफ दिसलं की नाही ते इथे कळवा. नसेल तर वरचा सगळा हिशेब त्या सहकाऱ्याच्या बाजूला सरकतो आणि आपल्याला नव्याने मांडावा लागेल.